परदेशात हॉटेलच्या खोलीत काही बिघडलं तर रिसेप्शनला इंग्रजीत नेमकं काय सांगायचं? आई-बाबांसाठी वाक्यं हवीत

कोरांटी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा ऑक्टोबरच्या शेवटी लंडन आणि एडिंबराला चाललेत, दोघंच. दादा लीड्सला असतो पण त्याला रजा शेवटच्या ४ दिवसांचीच मिळालीये, त्यामुळे आधीचे ८ दिवस हॉटेलात दोघांनाच निभवायचंय.

गेल्या वर्षी ते ग्रुप टूरने लंडनला गेले होते तेव्हाची गोष्ट मला परत आल्यावर कळली. खोली गारठलेली, हीटर चालू होत नव्हता आणि दोघं दोन रात्री स्वेटर, मोजे, शाल सगळं अंगावर घेऊन झोपले. बाबांना दम्याचा त्रास आहे. मी विचारलं अगं सांगितलं का नाहीस खाली, तर म्हणाली सांगितलं ना, मी म्हटलं 'इट इज व्हेरी कोल्ड', तर तो मुलगा गोड हसला आणि म्हणाला 'येस, इट इज, इझन्ट इट', आणि कामाला लागला. पुढे काय बोलावं तिला सुचलंच नाही.

आईने ३१ वर्षं मराठी शाळेत शिकवलंय. इंग्रजी वाचते, समजतं पण बऱ्यापैकी, फोन हातात घेतला की मात्र वाक्य जुळत नाही. आणि तिला भांडखोर वाटायचं नाहीये, 'आपण पाहुणे आहोत त्यांच्या देशात' हे तिचं ठरलेलं वाक्य. तर नम्र पण काम होईल अशी वाक्यं सांगा, आणि प्लीज देवनागरीतच लिहा, ती तिच्या वहीत उतरवून घेणार आहे.

निवृत्त_बँकर

कोरांटी, उत्तम विषय. ३४ वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार केलाय म्हणून सांगतो. सुरुवात नेहमी 'सर' किंवा 'मॅडम' ने करायची, मग आधी खोलीचा नंबर आणि नाव, मग अडचण, आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट'. यात नम्रता पण आली आणि तातडी पण आली. वहिनींना एवढं एक वाक्य पाठ करायला सांगा, कुठलीही अडचण असो, चालतं.

मुसाफिर_पंचगंगा

माझा अनुभव टाकतो. ग्लासगोला सकाळी अंघोळीला गार पाणी. फोन केला, म्हटलं 'द गिझर इन अवर रूम इज नॉट वर्किंग'. पलीकडची बाई एकदम गप्प. मग म्हणाली 'सॉरी, हू इज नॉट वर्किंग?' मी परत म्हटलं गिझर, गिझर. तिने कोणाला तरी फोन दिला, त्यालाही मी गिझरच सांगितलं. वीस मिनिटं गेली, मुलगी शाळकरी वयाची, तिला थंडीने हुडहुडी भरलेली. शेवटी मी खाली जाऊन 'हॉट वॉटर, नो' असं म्हटलं तेव्हा माणूस वर आला. नंतर तिथल्या मित्राने सांगितलं की आपण ज्याला गिझर म्हणतो तसाच उच्चार असलेला शब्द तिकडे बोलीत 'माणूस, बाप्या' या अर्थाने वापरतात. म्हणजे मी तिला सांगत होतो की आमच्या खोलीतला बाप्या काम करत नाहीये :)

चिंचगूळ

आमच्या बाबतीत पण टूर कंपनीने असंच केलं होतं, ब्रोशरमध्ये एक हॉटेल आणि प्रत्यक्षात दुसरंच. पैसे परत मागायला कुठे अर्ज करायचा हे कुणाला माहीत आहे का? ग्राहक मंचात गेलेलं कोणी आहे का इथे?

कोरांटी

चिंचगूळ, तो वेगळा विषय आहे हो, वेगळा धागा काढलात तर जास्त लोक वाचतील. इथे हॉटेलात असतानाच काय बोलायचं एवढंच बघतोय.

मुसाफिर, बापरे, आईने नक्की गिझरच म्हटलं असतं. थँक्स.

बँकर काका, खोलीचा नंबर आधी हे लिहून घेतलं.

हिमगंध

मी गेली ९ वर्षं यॉर्कमध्ये एका हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे, बरीचशी रात्रपाळी, म्हणजे हे फोन मीच घेते. जरा लांबण लागेल, वाचा.

बँकर काकांचं नंबर आधी सांगायचं अगदी बरोबर. पण 'डू द नीडफुल' नको. माझे इथले सहकारी मला येऊन विचारतात की या गेस्टला नेमकं हवंय काय. त्यांना ते उद्धट वाटत नाही, फक्त कळत नाही. आणि त्या वाक्यात सगळी गोची अशी आहे की काय हवंय ते आपण समोरच्याने ओळखावं म्हणून सोडून देतो. माणूस वर पाठवू, ब्लँकेट पाठवू, की खोली बदलून देऊ? रात्री ११ वाजता डेस्कवर मी एकटी असते, मला तेवढंच कळायला हवं असतं.

आता काकूंच्या गारठ्याचंच घेऊ. फोन उचलला की पहिलं वाक्य, 'हॅलो, इट्स रूम टू-वन-फोर'. नंबर एकेक आकडा सुटा बोलायचा. टू फोर्टीन म्हटलं की फोनवर ते फोर्टीन की फोर्टी हे मला अजूनही कळत नाही, आणि मग माणूस २४० च्या दारावर जाऊन झोपलेल्या लोकांना उठवतो. मधे शून्य असेल तर 'ओ' म्हणायचं, ३०५ म्हणजे 'थ्री-ओ-फाइव्ह'.

दुसरं वाक्य, 'आयम अफ्रेड द हीटिंग डझन्ट सीम टू बी वर्किंग'. इथे अफ्रेड म्हणजे भीती नाही हं काकू. आपण 'अहो, जरा एक अडचण आहे' म्हणतो ना, त्यातल्या 'अहो जरा' चं काम ते करतं. ते ऐकलं की मला लगेच कळतं की पुढे तक्रार आहे आणि बोलणारा रागावलेला नाही. 'डझन्ट सीम टू बी' मध्ये 'चालत नाहीये असं दिसतंय' एवढीच जागा ठेवलेली असते, म्हणजे चूक माझी पण असेल, बटण वगैरे. जीभ वळत नसेल तर 'आयम अफ्रेड द हीटिंग इझन्ट वर्किंग' पण शंभर टक्के चालतं.

तिसरं वाक्य, 'कुड समवन कम अँड हॅव अ लुक, प्लीज?' झालं. तीन वाक्यं.

'इट इज कोल्ड' का फसलं ते सांगते. इथे अनोळखी माणसाशी बोलायचा पहिला विषय हवामान. तो मुलगा उद्धट नव्हता, त्याला वाटलं काकू गप्पा मारताहेत. 'इट' च्या जागी 'अवर रूम' टाकलं असतं तर तो उठलाच असता. 'अवर रूम इज व्हेरी कोल्ड.' एका शब्दाचा खेळ.

आणि एक आतली गोष्ट. लवकर सांगा. संध्याकाळी ६ ला सांगितलंत तर बहुतेक एखादी खोली रिकामी असते, दुरुस्ती करणारा माणूसही घरी गेलेला नसतो किंवा नुकताच गेलेला असतो. रात्री साडेअकराला सांगितलंत तर माझ्या हातात एक फिरता हीटर आणि जास्तीचं पांघरूण एवढंच उरतं. म्हणून चौथं वाक्य पण लिहून ठेवा, 'इफ इट कान्ट बी फिक्स्ड टुनाइट, कुड वी मूव्ह टू अनदर रूम?' आणि तेही नाही जमलं तर 'कुड वी हॅव अ पोर्टेबल हीटर अँड अनदर डूव्हे, प्लीज?' डूव्हे म्हणजे ती जाड पांढरी दुलई. क्विल्ट म्हटलं तरी समजतं. 'रजई' म्हणू नका बास.

बाबांना दमा आहे ते जरूर सांगा. 'माय हजबंड हॅज अ‍ॅज्मा'. ही सबब नाही, त्यावर मी कोणाला आधी खोली द्यायची ते ठरवते.

निवृत्त_बँकर

हिमगंध, माहितीबद्दल आभार. नीडफुल आमच्या हेड ऑफिसच्या प्रत्येक पत्रात असे, म्हणून वाटलं. 'सर' तरी चालतं ना?

हिमगंध

चालतं काका, कोणी वाईट नाही मानत, पण इथे उलट आम्हीच गेस्टला सर म्हणतो त्यामुळे ऐकायला जरा अवघडल्यासारखं होतं. त्यापेक्षा शेवटी नाव विचारा, 'कुड आय टेक युअर नेम, प्लीज?' तासाभराने परत फोन करायची वेळ आली तर 'आय स्पोक टू सो अँड सो' म्हणता येतं आणि पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही.

फळा_आणि_खडू

मी इंग्रजी शिकवते म्हणून एक भर घालते. आपली गडबड का होते माहितीये का, मराठीत नम्रपणा क्रियापदात बसलेला असतो. 'पाठवा', 'पाठवाल का', 'जरा पाठवता का हो'. हा 'वा' आणि 'हो' इंग्रजीत नेताना गळून पडतो आणि उरतं 'सेंड'. मग आपण पुढे 'प्लीज' लावतो, 'प्लीज सेंड वन पर्सन', आणि आपल्याला वाटतं झालं नम्र. पण ते 'कृपया माणूस पाठवा' आहे, सरकारी सूचनेसारखं. 'कुड यू' लावलं की ते 'पाठवाल का' होतं. म्हणून कोरांटीच्या आईंनी एवढंच पक्कं करावं, काही हवं असलं की सुरुवात 'कुड' ने. कुड यू सेंड, कुड वी हॅव, कुड समवन कम. मराठी शाळेतल्या बाई आहेत, एक साचा दिला की बाकीचं स्वतः करतील.

'वुड यू माइंड' मात्र टाळा. वुड यू माइंड सेंडिंग समवन असं विचारलं की पलीकडून उत्तर येतं 'नो, नॉट ॲट ऑल' आणि आपण समजतो नाही म्हणाला. खरं तर तो 'हो, पाठवतो' म्हणत असतो. माझ्या नात्यातले एक काका हे 'नो' ऐकून फोन ठेवून हिरमुसून बसले होते आणि दहा मिनिटांत माणूस दारात.

अजून एक, 'सिन्स टू अवर्स' नको, 'फॉर टू अवर्स'. पण हे चुकलं तरी अर्थ पोचतो, त्यामुळे यावर झोप घालवू नका.

राइनकाठ

मी थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं ब्रिटनपुरतं ठीक आहे. मी जर्मनीत राहतो आणि कामासाठी इटली, पोलंड, झेक असं फिरतो. तिथे रिसेप्शनवरच्या माणसाची इंग्रजी ही पण आपल्यासारखीच शिकून आलेली. त्याला 'डझन्ट सीम टू बी' मधलं सीम कळेलच असं नाही, आणि 'आयम अफ्रेड' म्हटलं तर खरंच घाबरलात की काय असं वाटू शकतं. माझ्या बायकोला एकदा विचारलंय तसं, 'यू आर अफ्रेड? ऑफ व्हॉट?' मी सरळ सांगतो, 'हॅलो, रूम थ्री-वन-वन. द हीटिंग इज नॉट वर्किंग. कॅन यू हेल्प अस, प्लीज?' लहान वाक्यं, हळू. नम्रता आवाजात असते, शब्दांची झालर कशाला.

हिमगंध

राइनकाठ, पटतं काही अंशी. माझ्याच हॉटेलात निम्मा स्टाफ रोमेनिया, पोलंड, केरळ इथला आहे. पण ते इथे राहून 'आयम अफ्रेड' रोज ऐकतात. आणि नुसतं 'इज नॉट वर्किंग' वर फोन आला की इथला माणूस जरा सावध होतो, आता हा भडकणार असं वाटून. काकू ब्रिटनलाच चालल्यात म्हणून मी माझ्या वाक्यावर कायम.

राइनकाठ

मान्य, लंडनसाठी तुमचं. पण पॅरिसला गेल्या तर माझं :)

ओहायोकर

अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. रिसेप्शन नाही, फ्रंट डेस्क म्हणतात. आणि संडास तुंबला तर ब्लॉक्ड नाही, 'क्लॉग्ड', नळाला टॅप नाही, 'फॉसेट'. सर-मॅडम मात्र इकडे बिनधास्त चालतं, दक्षिणेकडच्या राज्यांत तर जास्तच. मजल्यांचा घोळ पण लक्षात ठेवा, इथे तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात, ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच ग्राउंड.

तांबडी_माती

विषय निघालाच आहे तर विचारते, लाजायचं काय त्यात. संडास तुंबला तर कसं सांगायचं? आम्ही व्हिएन्नाला असताना झालं तसं, मिस्टर म्हणाले मी नाही सांगणार, मी म्हटलं मी पण नाही, मग आम्ही दोन दिवस लॉबीतला वापरला. आणि दुसरं, मग मागायचा असतो, तो कसा मागायचा?

हिमगंध

ताई, 'आयम अफ्रेड द टॉयलेट इज ब्लॉक्ड', इतकंच. कशाने, कोणामुळे, काही सांगायचं नाही आणि आम्ही विचारतही नाही. आठवड्यातून दोन-तीनदा येतो हा फोन. 'कमोड' म्हणू नका, इथे तो शब्द आजारी माणसाच्या खुर्चीसाठी वापरतात. लॅट्रिन पण नको. नुसतं टॉयलेट. फ्लशच होत नसेल तर 'द टॉयलेट वोन्ट फ्लश', आणि फ्लशनंतर टाकीतून पाणी वाहतच राहिलं तर 'द टॉयलेट कीप्स रनिंग'. हे 'कीप्स' फार उपयोगी आहे. द टॅप कीप्स ड्रिपिंग, द स्मोक अलार्म कीप्स बीपिंग. थांबतच नाहीये असं जे जे काही असेल त्याला कीप्स.

मगाचं ऐका. इंग्रजीत मग म्हणजे चहाचा दांडीचा कप. मग मागितलात तर कप येणार, मी स्वतः पाठवलेत सुरुवातीला सहकाऱ्यांच्या हातून. 'कुड वी हॅव अ लार्ज प्लास्टिक जग, प्लीज?' म्हणा. मिळेलच असं नाही, किचनमधून शोधावा लागतो. बहुतेक आपले लोक घरून हलका प्लास्टिकचा मग बॅगेत टाकतात ते जास्त बरं.

तांबडी_माती

अगंबाई. म्हणजे आम्हाला आणून दिलेला तो कप चहासाठी होता होय. मी मग पुढे काहीच बोलले नाही.

मुसाफिर_पंचगंगा

त्या गिझर प्रकरणाचा शेवट लिहायचा राहिला. तो माणूस वर आला, बाथरूममध्ये छताला लोंबणारी एक दोरी ओढली, लाल दिवा लागला आणि दोन मिनिटांत गरम पाणी. बिघाड काहीच नव्हता. हिमगंध, हा काय प्रकार असतो?

हिमगंध

शॉवरलाच जोडलेला विजेचा हीटर असतो, भिंतीवरचा पांढरा डबा, तो शॉवर चालू असतानाच पाणी तापवतो. त्याचा मुख्य स्विच ओल्या हाताने दाबायला नको म्हणून छताच्या दोरीला असतो. जुन्या इमारतीतल्या छोट्या हॉटेलात आणि बेड अँड ब्रेकफास्टमध्ये फार. साफसफाईवाली माणसं ती ओढून बंद करून जातात. पण सावध, लाल रंगाची दोरी असेल तर ती ओढू नका, ती मदतीची घंटा, अपंगांसाठीच्या खोल्यांत असते, ओढली की आम्ही पळत येतो. दिव्याची आणि शॉवरची दोरी साधारण पांढरी.

म्हणूनच अशा वेळी 'इज ब्रोकन' म्हणण्यापेक्षा 'आय कान्ट गेट एनी हॉट वॉटर' म्हणा, म्हणजे 'मला गरम पाणी मिळत नाहीये'. यंत्र बिघडलंय की आपल्याला जमत नाहीये ते दोन्ही त्यात येतं, आणि मी फोनवरच विचारते की दोरी ओढलीत का. निम्मे फोन तिथेच मिटतात. तीच गत खोलीतल्या विजेची, दाराजवळच्या खाचेत की कार्ड घातलं नाही की सगळं बंद. 'करंट गेला' चं भाषांतर करू नका, 'देअर्स नो पॉवर इन अवर रूम'.

खिडकी पूर्ण उघडत नाही म्हणून पण फोन येतात. वरच्या मजल्यांवर ती मुद्दामच साधारण १० सेंटीमीटर एवढीच उघडते, कोणी पडू नये म्हणून. तो बिघाड नाही.

फळा_आणि_खडू

आपण बोलण्याचीच चर्चा करतोय, पण खरी भीती ऐकण्याची असते ना. कोरांटी, आईंना विचार, मला वाटतं त्यांना समोरच्याचं उत्तर कळत नसणार. हिमगंध, तुम्ही लोक फोनवर काय उत्तरं देता ती पण लिहा.

हिमगंध

हे माझ्या लक्षातच आलं नाही, बरोबर आहे. सगळ्यात जास्त वेळा आम्ही म्हणतो 'बेअर विथ मी', म्हणजे 'जरा थांबा हं, बघते'. फोन ठेवू नका तेव्हा. 'आयल गेट दॅट सॉर्टेड' म्हणजे करते व्यवस्था. 'आयल पॉप समवन अप' म्हणजे कोणाला तरी वर पाठवते. 'इन अ बिट' म्हणजे थोड्या वेळात, आणि तो थोडा वेळ खरं सांगायचं तर दहा मिनिटं पण असतो आणि पाऊण तास पण. म्हणून 'इन अ बिट' ऐकलं की विचारा, 'रफली हाउ लाँग, प्लीज?' याचा कोणालाही राग येत नाही.

पाऊण तास झाला आणि कोणी आलं नाही तर परत फोन करा, लाजू नका. 'हॅलो, रूम टू-वन-फोर अगेन. आय कॉल्ड अबाउट द हीटिंग. इज समवन ऑन द वे?' खरं सांगते, रात्री एखादा फोन कागदावर लिहायचा राहून जातो. तुम्ही परत आठवण केलीत तर त्यात माझं ओझंच कमी होतं.

नाहीच कळलं तर 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?' किंवा सरळ 'आयल कम डाउन टू रिसेप्शन' म्हणायचं आणि खाली जायचं. समोरासमोर हातवारे पण मदत करतात.

राइनकाठ

मी तर म्हणतो फोटो काढून खाली जावं. गळणारा नळ, डाग असलेली चादर, ढेकूण. ढेकणांचं तर शब्दात सांगूच नये, फोटो दाखवावा आणि 'वी नीड अनदर रूम, प्लीज' म्हणावं. तिथे कुड-बिड नको. आणि शेजारचीच खोली दिली तर घेऊ नका, भिंतीतून येतात ते.

हिमगंध

ढेकणांच्या बाबतीत राइनकाठशी पूर्ण सहमत. फक्त लॉबीत चार गेस्टसमोर मोठ्याने बेडबग्ज म्हणू नका, 'कुड आय स्पीक टू यू इन प्रायव्हेट?' म्हणा. मॅनेजर लगेच येतो, बघाच.

कोरांटी

मंडळी, काय सांगू, आई आणि मी गेले पंधरा दिवस रोज रात्री हे करतोय. मी दुसऱ्या खोलीतून फोन करते आणि यॉर्कची बाई होते. आईने वहीत प्रत्येक पानावर एकच अडचण लिहिलीये, कारण तिचं म्हणणं घाईत पानं उलटताना चूक व्हायला नको. पहिलं पान हीटिंगचं. 'अफ्रेड' ला तिचा आक्षेप होता, 'मी कशाला घाबरू', पण 'अहो जरा' चं समजल्यावर पटलं. 'डझन्ट सीम टू बी' जमत नाही, 'इझन्ट वर्किंग' वर आम्ही स्थिरावलो. बाबांनी फक्त एक वाक्य घेतलंय, 'माय वाइफ विल एक्सप्लेन'.

परवा निघताहेत.

निवृत्त_बँकर

शुभ प्रवास. बाबांचं वाक्य सर्वोत्तम आहे.

कोरांटी

आले मंडळी अपडेट घेऊन. एडिंबरा, दुसरा दिवस, जुन्या दगडी इमारतीतलं छोटं हॉटेल. संध्याकाळी ५ वाजता फिरून आले तर खोली गार. आईने आधी वही काढली, मग फोन. तिने मला जसंच्या तसं सांगितलंय.

आई: हॅलो, इट्स रूम वन-ओ-सेव्हन. आयम अफ्रेड द हीटिंग इझन्ट वर्किंग. कुड समवन कम अँड हॅव अ लुक, प्लीज?

तो म्हणाला बेअर विथ मी. आई थांबली, ठेवला नाही फोन. मग त्याने विचारलं रेडिएटरच्या कडेला गोल मूठ आहे ती कितीवर आहे. आईला आधी कळलं नाही, तिने 'स्लोली' वालं वाक्य टाकलं, त्याने सावकाश सांगितलं. बाबांनी वाकून बघितलं, मूठ २ वर होती, त्यांनी ५ वर केली. अर्धा तास थांबा म्हणाला. अर्ध्या तासाने बाबांनी हात लावून पाहिला तर रेडिएटर खालून गरम आणि वरून गार. मग आईने परत फोन केला आणि हे वाक्य वहीत नव्हतं, तिने स्वतः जुळवलं, 'इट्स वॉर्म ॲट द बॉटम, बट कोल्ड ॲट द टॉप'. तो म्हणाला 'आह, दॅट्स एअर', आणि एक माणूस छोटी चावी आणि फडकं घेऊन आला, रेडिएटरच्या टोकाला चावी फिरवली, फुस्स करून हवा निघाली, थोडं काळपट पाणी आलं, चावी बंद केली. पंधरा मिनिटांत वरपर्यंत गरम. बाबा रात्री फक्त पांघरुणात झोपले.

हिमगंध, तुमच्यासाठी आईने एडिंबराहून एक पोस्टकार्ड घेतलंय, पत्ता व्यनि करा.

हिमगंध

काकूंना सांगा डोळ्यात पाणी आलं. आणि 'वॉर्म ॲट द बॉटम, कोल्ड ॲट द टॉप' हे आमच्याकडचे लोकसुद्धा सांगत नाहीत, ते नुसतं 'रेडिएटर इज रबिश' म्हणतात. एवढं नेमकं सांगितलं म्हणून तो चावी घेऊनच वर आला, नाहीतर आधी बघायला आला असता आणि चावी आणायला परत खाली गेला असता.

राइनकाठ

आणि सगळी लहान लहान वाक्यं होती, हे नमूद करून ठेवतो.

कोरांटी

:) आईचा एक प्रश्न राहिलाय. फोन ठेवताना तो म्हणाला 'चिअर्स'. आईला वाटलं तो काहीतरी पीत बसलाय ड्यूटीवर. तिने काही न बोलता ठेवून दिला. त्यावर काय म्हणायचं असतं?

हिमगंध

ते इथे 'थँक यू' आहे, काही पीत नव्हता बिचारा. काकूंनी 'थँक यू, बाय' म्हटलं की झालं. चिअर्स परत नाही म्हटलं तरी चालतं.

तांबडी_माती

आमच्या व्हिएन्नाच्या कपवाल्याला मी थँक यू म्हटलं होतं का तेच आठवत नाहीये आता.